"माणूस चांगला हाय, पण घर देऊ नगासा"

राजारामपुरीत घरं भाड्यानं लावून देणाऱ्या एका एजंटाचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल आणि भिंतीवर किल्ल्या टांगलेली फळी. तिथं स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून हे वाक्य आलं. नागाळा पार्कातले एक घरमालक नव्या भाडेकरूची चौकशी करत होते, पलीकडून त्या भाडेकरूचे जुने घरमालक बोलत होते. "माणूस चांगला हाय ओ. पण घर काय देऊ नगासा." मग थोडं पावसाचं, थोडं गुडघेदुखीचं बोलणं झालं आणि फोन ठेवला. एजंटानं त्या कुटुंबाचे कागद उचलले आणि गठ्ठ्याच्या तळाशी सारले. ओरडाओरड नाही, शिवीगाळ नाही. मिनिटभराच्या आत एक घर हातचं गेलं, आणि ज्याचं गेलं त्याला ते कळलंही नाही.

त्या वाक्यात खटकतं ते एवढंच, की त्यात माहिती काहीच नाही. भाडं बुडवलं होतं? नळ मोडून ठेवले होते? की मालकाच्या सुनेला त्यांच्या कुकरची शिट्टी सहन होत नव्हती? ऐकणाऱ्यानं यातलं हवं ते भरून घ्यावं, आणि माणूस अशा वेळी सगळ्यात वाईट तेच भरून घेतो. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात त्या जुन्या मालकांबद्दलचा निकालही मोबाइलवरून फिरत होता, तोही तेवढाच आखूड: "डिपॉझिट गिळतात. भिंतीला ओल. अजिबात घेऊ नका." दोन्ही निकाल एकाच भिंतीबद्दलचे होते. डिपॉझिटच्या भांडणात दोन्ही बाजूंनी एजंटाला मध्ये घातलं होतं, म्हणून करार, बँकेच्या नोंदी, फोटो आणि निरोप असं सगळं त्याच्या टेबलावर पडलेलं होतं. त्यामुळे ही भिंत नीट बघता येते. घर ओळखू येऊ नये म्हणून आकडे आणि तारखा जरा सरकवल्या आहेत.

अकरा महिन्यांचा नोंदणी केलेला करार, 1 जून 2024 ते 30 एप्रिल 2025. भाडं महिना 9,500, दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत. डिपॉझिट 40,000. वरचा मजला, वर थेट गच्ची, पश्चिमेकडची भिंत उघडी. कोल्हापुरात राहणाऱ्याला एवढं सांगितलं की पुढची गोष्ट निम्मी कळते.

भाड्याचं आधी उरकून घेऊ, कारण त्यात वाद घालायला जागाच नसते, आणि तरी लोक घालतात. अकरा हप्ते. आठ वेळेत. सप्टेंबरचा 11 तारखेला, म्हणजे सहा दिवस उशिरा. मार्चचा 8 तारखेला, पण तो उशीर होणार हे 4 तारखेलाच कळवलेलं. जानेवारीचा 10 तारखेला, त्याचं कारण पुढं येईल. बुडलेला एकही नाही. मालकांना विचारलं तर ते म्हणतात, "सारखंच मागं लागायला लागायचं." भाडेकरू म्हणतो, "एकदाही चुकवलं नाही." दोघंही खोटं बोलत नाहीत. एकाला तीन उशीर आठवतात, दुसऱ्याला अकरा हप्ते. म्हणून भाड्याबद्दल बोलताना आठवणीवर विसंबू नये, पासबुक उघडावं: किती हप्ते, किती वेळेत, किती उशिरा, जास्तीत जास्त किती दिवस, आणि आधी कळवलं होतं का. हे शेवटचं फार जण विसरतात. 4 तारखेला "8 ला टाकतो काका" म्हणणारा आणि फोन न उचलणारा, या दोघांचा उशीर तीन-तीन दिवसांचाच असला तरी वागणूक एक नसते. रोखीनं भाडं देणाऱ्यांचं मात्र अवघड असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे पैसे मिळाल्याची लेखी पावती देणं हे मालकाचं काम आहे. पावती न देणाऱ्या मालकाला मग "हा वेळेवर द्यायचा नाही" असं म्हणायचा फारसा हक्क उरत नाही, कारण त्याच्यापाशी दाखवायला काही नसतं.

आता ती भिंत.

14 जुलैला भाडेकरूनं पहिला फोटो पाठवला. छताजवळच्या कोपऱ्यात वीतभर डाग, कडेला चहा सांडल्यासारखी तांबूस रेघ. मालकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी: "बघतो." 21 जुलैला ते गवंड्याला घेऊन आले. सात दिवस. हे सात दिवस कुठून मोजले, हे महत्त्वाचं आहे. ओल कदाचित जूनच्या शेवटच्या आठवड्यातच धरली असेल, पण मालक त्या खोलीत झोपत नाहीत. दुरुस्तीचं घड्याळ बिघाड झाला तेव्हापासून चालत नाही, बिघाड कळवला तेव्हापासून चालतं. आणि कळवलं म्हणजे तारीख उमटेल असं कळवलं. जिन्यात भेटल्यावर "काका, जरा ओल येतीय हं" म्हटलेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

गवंडी गच्चीवर गेला. कोपऱ्यातल्या पाइपाच्या तोंडाशी पिंपळाची पानं आणि माती बसून बोटभर पाणी तुंबलेलं. गच्ची आणि कठडा जिथं मिळतात तिथला गोलाईचा गिलावा, ज्याला गवंडी वाटा म्हणतात, दोन हात लांब फुटलेला. पाणी तुंबणार, फटीतून उतरणार आणि खालच्या भिंतीत झिरपणार. त्यानं पाइप मोकळा केला आणि सांगितलं, वाटा आता फोडायचा नाही. बरोबरच सांगितलं. आत पाणी मुरलेलं असताना वरून नवा गिलावा आणि वॉटरप्रूफिंग चढवलं की ते धरत नाही, आणि आतली ओल आतच कोंडते. कोल्हापूरच्या आषाढात गच्चीचं पक्कं काम करून देतो म्हणणारा कारागीर एक तर नवखा असतो किंवा त्याला पैशाची घाई असते. मग गच्चीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरला, कडेनं विटा ठेवल्या, आणि डाग वाढायचा थांबला. म्हणजे पावसाळ्यात मालकांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. "चार महिने ओलीत ठेवलं" हे भाडेकरूचं वाक्य निदान इथपर्यंत तरी न्यायाचं नाही.

पण ऑगस्टमध्ये त्याच भिंतीवर दुसरं काहीतरी सुरू झालं. कोपऱ्यातला डाग तसाच, आणि खाली लोखंडी कपाटामागं काळ्या ठिपक्यांची बुरशी. कपाटातल्या शर्टांना तो कुबट वास, जो पावडर टाकून जात नाही. भाडेकरूच्या लेखी ही तीच ओल होती. मालकांच्या लेखी ही "खिडक्या न उघडणाऱ्यांची घाण" होती. या ठिकाणी दोघांनी एकमेकांबद्दलचं मत कायमचं करून टाकलं, आणि खरं काय ते कुणीच बघितलं नाही. बघणं अवघड नव्हतं. स्वयंपाकघरातला पोळ्या गुंडाळायचा फॉइलचा कागद फूटभर कापायचा, डागाच्या जागी भिंत पुसून कोरडी करून सपाट लावायचा आणि चारी कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या. एक-दोन दिवसांनी बघायचं. कागदाच्या भिंतीकडच्या अंगाला दव धरलं असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या अंगाला धरलं असेल तर ती खोलीतलीच वाफ आहे. आंघोळीची, भाताची, आत दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांची. ती गार भिंतीवर जाऊन बसते, आणि कपाट भिंतीला टेकलेलं असलं की वारा न लागल्यानं तिथंच राहते. पहिला प्रकार बहुतेक वेळा मालकाच्या अंगावर येतो. दुसऱ्यात भाडेकरूला कपाट चार बोटं पुढं ओढता येतं आणि उघडीप मिळेल तेव्हा खिडकी उघडता येते. भिंतीत मुरलेल्या पाण्यामुळे भिंत जास्त गार राहते आणि वाफ धरायला मदत होते, म्हणजे दोन्ही कारणं एकाच वेळी असू शकतात, आणि इथं बहुधा तसंच होतं.

डाग कुठं आहे आणि कधी वाढतो यावरूनही बरंच कळतं. गच्चीचा डाग छताकडून खाली येतो, पावसाच्या मोठ्या झडीनंतर दिसतो आणि उन्हाळ्यात सुकून तांबूस नकाशा मागं ठेवतो. न्हाणीघराच्या भिंतीतला पाइप गळत असेल तर डागाला ऋतू नसतो, तो मे महिन्यातही ओला असतो. तळमजल्यावरच्या जुन्या घरांत जमिनीतून चढणारी ओल कमरेच्या आसपास थांबते, तिथं रंगाचे पोपडे सुटतात आणि क्षारांची पांढरी भुकटी बोटाला लागते. पुराची रेघ आणखी वेगळी, ती सगळ्या खोलीभर एका पातळीत असते. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या भागात 2019 किंवा 2021 ची रेघ रंगाखालून अजून डोकावत असेल, तर ती 2024 ला आलेल्या भाडेकरूच्या नावावर घालणं म्हणजे पंचगंगेचं बिल त्याला लावणं.

तर, पाऊस संपला. 20 ऑक्टोबरला भाडेकरूनं आठवण केली: "काका, आता ऊन आहे, वाट्याचं काम करून घेऊ." उत्तर आलं, "दिवाळी होऊ दे." 18 नोव्हेंबरला पुन्हा आठवण. उत्तर नाही. जानेवारी उजाडला तेव्हा भाडेकरूनं भाडं थांबवलं. 9 जानेवारीला गवंडी आला, जुना वाटा फोडून नवा केला, वरून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले, काम एका दिवसात संपलं. 10 तारखेला भाडं जमा. मालकांच्या या 81 दिवसांना काही बचाव नाही. ऊन होतं, कारण माहीत होतं, काम दिवसाचं होतं. जुलैतले सात दिवस आणि हिवाळ्यातले 81 दिवस एकाच माणसाचे आहेत, आणि त्या माणसाबद्दल बोलायचं तर दोन्ही आकडे सांगायला हवेत. त्यांची बेरीज-भागाकार करून "दुरुस्तीत बरे" असं सरासरी मत देणं सोपं आहे, पण पुढच्या भाडेकरूला त्याचा उपयोग नाही. त्याला उपयोग याचा आहे, की हे गृहस्थ तातडीला धावतात आणि पक्क्या कामाला रेंगाळतात. हे कळलं की तो जूनमध्ये राहायला यायच्या आधी, मे महिन्यातच गच्ची बघून घेईल.

भाडं अडवून ठेवलं ते चाललं का? भाडेकरूंसाठीच्या त्याच 1999 च्या कायद्यात, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, दुरुस्ती मालकानं करायची असं आहे. टाळाटाळ झाली तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूनं स्वतः दुरुस्ती करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यानं त्याच्यावर उडी मारण्याआधी आपला करार वाचावा हे वेगळं. पण नोटीस देऊन काम करून घेणं एक, आणि न सांगता भाडं धरून ठेवणं दुसरं. भाडेकरूनं दुसरं केलं. मालकांनी हे सांगताना "जानेवारीचं भाडं पाच दिवस उशिरा, दुरुस्ती अडली म्हणून थांबवलं, दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी जमा" असं सगळं सांगावं. यातला मधला तुकडा गाळला की वाक्य खरं राहतं आणि माणूस खोटा ठरतो.

घर सोडतानाचा हिशेब हा बहुतेक भांडणांचा मुक्काम. 30 एप्रिलला किल्ली दिली. 3 जूनला, म्हणजे 34 दिवसांनी, 30,860 रुपये परत आले. कापले ते असे: शेवटचं लाइट बिल 1,140 आणि बेडरूमचा रंग 8,000. लाइट बिलाबद्दल तक्रार नाही. किल्ली देतानाच मीटरचा फोटो काढला होता आणि महावितरणच्या बिलातलं रीडिंग त्याच्याशी जुळलं. हा एक फोटो न काढल्यामुळे कितीतरी घरांत पाच-सातशे रुपयांसाठी वर्षभर तोंड न बघणारी माणसं आहेत. अडकलं ते रंगावर. करारात रंगाचं वेगळं कलम नव्हतं, फक्त "नैसर्गिक झीज वगळता घर होते तसे परत द्यावे" एवढंच. बऱ्याच करारांत "सोडताना रंगापोटी एक महिन्याचं भाडं कापले जाईल" असं स्पष्ट असतं. तसं असतं आणि सही केलेली असती, तर मग "गिळले" म्हणता आलं नसतं, फार तर "कलम जाचक होतं" म्हणता आलं असतं. मत देण्याआधी करार पुन्हा एकदा वाचायचा तो यासाठी.

कलम नव्हतं, म्हणून भिंतींकडं बघू. राहायला येताना भाडेकरूनं बावीस फोटो काढून मालकांना त्याच दिवशी पाठवले होते, हे त्याचं शहाणपण. त्या फोटोंत चारही भिंती स्वच्छ आहेत. सोडतानाच्या फोटोंत पश्चिमेच्या भिंतीवर ओलीचा नकाशा आणि खाली बुरशी, दुसऱ्या भिंतीवर मुलानं तेलखडूनं काढलेली बस, तिला सात चाकं. उरलेल्या दोन भिंती नुसत्या मळकट, दिव्याच्या बटनापाशी बोटांचे काळसर ठसे. मळकटपणा ही झीज. ओलीचा नकाशा गच्चीचा. बुरशीतली थोडी जबाबदारी भाडेकरूची, पण ती किती हे सांगायला फॉइलचा कागद कुणी लावलाच नव्हता, म्हणून ती मोजणीत धरता येत नाही. सात चाकांची बस मात्र नक्की भाडेकरूची. आता खोलीचा आधीचा रंग 2021 च्या दिवाळीतला, डिस्टेंपर. असा रंग चार वर्षं चांगला राहतो असं धरलं, तर एप्रिल 2025 पर्यंत अठ्ठेचाळीस महिन्यांतले बेचाळीस सरले होते, सहा उरले होते. चार भिंतींचे 8,000 म्हणजे एका भिंतीचे ढोबळ 2,000, आणि उरलेलं आयुष्य आठवा हिस्सा. म्हणजे त्या बसचे 250 रुपये. चार वर्षं हा काही कायद्यातला आकडा नाही. कुणी तीन धरेल, मग त्या रंगाचं काहीच उरलं नव्हतं असं होईल. कुणी पाच धरेल, मग अठरा महिने उरतात आणि 600 रुपये होतात. कसंही धरा, 8,000 होत नाहीत. मालक स्वतःच्या खर्चानं जो रंग पुढच्या दिवाळीला देणारच होते, तो त्यांनी भाडेकरूच्या पैशानं दिला. याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. सांगताना मात्र आकडा सांगावा.

कागदांच्या त्या गठ्ठ्यात आणखी बरंच होतं, ज्याचा इथं उपयोग नाही. मालकांच्या निरोपात होतं की यांच्याकडं पाहुणे फार येतात, बाई उशिरा उठतात, रविवारी मटणाचा वास जिन्यात येतो. (कोल्हापुरात रविवारी मटणाच्या वासाची तक्रार! एजंटसुद्धा हे वाचताना हसला.) भाडेकरूच्या निरोपात होतं की मालकीणबाई खिडकीतून बघत बसतात आणि "त्यांनी आधीच्या भाडेकरूचेपण पैसे खाल्लेत म्हणे." 'म्हणे' आलं की तिथं पेन थांबवायचं. आधीच्या भाडेकरूचं काय झालं ते त्याला सांगू दे. तापट, कंजूष, घाणेरडे हे शब्द खोटे असतीलच असं नाही, पण तपासता येत नाहीत, आणि बदनामीचा वाद उद्या कुणी काढलाच तर तारखा आणि पावत्याच उभ्या राहतात, विशेषणं राहत नाहीत. भाडं, दुरुस्ती आणि घराची निगा यांच्या बाहेरचं जे आहे ते शेजाराचं भांडण आहे. ते चहाच्या गाड्यावर बोलावं, नव्या मालकाच्या फोनवर नाही.

मग मालकांनी भाडेकरूबद्दल काय सांगायला हवं होतं? साधारण असं: "अकरा हप्ते पूर्ण दिले, तीन उशिरा, जास्तीत जास्त सहा दिवस. ओल फोटो पाठवून कळवली. एका भिंतीवर पोराची चित्रं, नळ-बटनं-खिडक्या धड. लाइट बिल बाकी नाही. ठरल्या दिवशी किल्ली दिली." आणि भाडेकरूनं मालकांबद्दल: "करार नोंदवून दिला. गच्ची गळली तेव्हा सात दिवसांत माणूस आणला, पाऊस संपल्यावर पक्क्या कामाला 81 दिवस लावले, पण काम चांगलं झालं, पुढच्या अवकाळीत थेंब आला नाही. डिपॉझिट 34 दिवसांनी, त्यातून रंगाचे 8,000 कापले, करारात तसं कलम नव्हतं, पावती दिली नाही." दोन्ही उत्तरं फोनवर सांगायला अर्धं मिनिट पुरतं. आणि दोन्ही ऐकून नागाळा पार्कातल्या मालकांनी बहुधा घर दिलं असतं, आणि जुन्या मालकांचं घर पुढच्या भाडेकरूनं बहुधा घेतलं असतं. फक्त एकानं पासबुक बघितलं असतं आणि दुसऱ्यानं गच्ची.

एजंट तसा मुरलेला माणूस, त्याला हे सगळं आधीपासून माहीत. तरी त्या दिवशी त्यानं कागद तळाशी सारलेच होते. दुपारी चहा घेताना त्यानं ते पुन्हा वर काढले, जुन्या मालकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काका, मघाशी बोललासा त्यांचं विचारायचं होतं. भाडं किती तारखेला टाकायचे ओ?"

पलीकडं थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मागं टीव्ही चालू होता, कुणीतरी भांडी घासत होतं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा, चष्मा घेतो. पासबुक बघून सांगतो."